पोर्ट्रेटमधले बारीक डाग: हीलिंग ब्रश, क्लोन स्टॅम्प की पॅच टूल? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तिन्ही हत्यारं एका जागेवरचं घेऊन दुसऱ्या जागी लावतात, म्हणून ती एकसारखीच वाटतात आणि बरेच जण सवयीने कुठलंही एक उचलतात. बहुतेक डाग कशानेही निघतात हेही खरं. अडचण येते ती उरलेल्या चार-पाच जागी, आणि रीटच केलेला फोटो ओळखू येतो तो त्याच जागांमुळे. पुढची उत्तरं फोटोशॉप धरून लिहिली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: 24 मेगापिक्सेलचं एक पोर्ट्रेट, प्रकाश डावीकडून, मागे जवळपास काळी पार्श्वभूमी. चेहऱ्यावर काढायच्या गोष्टी अशा: गालाच्या मध्यावर एक लाल पुटकुळी, जबड्याच्या कडेच्या अगदी जवळ एक डाग, कपाळावर बारीक पुटकुळ्यांचा पुंजका, भुवईच्या केसांत अडकलेली एक पुळी आणि गालावरचा कांजिण्यांचा एक जुना वण.

तिघांत नेमका फरक काय?

क्लोन स्टॅम्प विचार करत नाही. Alt दाबून जिथे क्लिक केलं तिथले पिक्सेल तो जसेच्या तसे दुसरीकडे उतरवतो. रंग, उजेड, पोत, सगळं मूळ जागेचंच येतं.

हीलिंग ब्रश नमुन्याच्या जागेवरून फक्त पोत घेतो, म्हणजे रंध्रं, बारीक रेषा, लव, फोटोतला ग्रेन. रंग आणि उजेड तो जिथे ब्रश फिरवला त्या जागेच्या कडेवरून ठरवतो.

पॅच टूलही तेच करतं. फरक एवढाच की ब्रशच्या गोलाऐवजी तुम्ही लॅसोसारखी हाताने काढलेली आकृती वापरता, आणि Alt-क्लिक करण्याऐवजी ती आकृती ओढत स्वच्छ जागेवर नेता.

म्हणजे तीन हत्यारं असली तरी पद्धती दोनच आहेत: नुसती नक्कल, किंवा पोत तिथला आणि रंग इथला. हीलिंग आणि पॅच दोन्ही फोटोशॉप 7 मध्ये, 2002 साली आले. त्याआधी सगळं काम क्लोन स्टॅम्पवरच चालायचं.

'रंग कडेवरून ठरवतो' म्हणजे काय?

हे एक नीट कळलं की बाकीची बरीचशी उत्तरं आपोआप सुचतात, म्हणून जरा सावकाश.

समजा गालाच्या स्वच्छ कातडीचा रंग साधारण 200, 150, 125 आहे (लाल, हिरवा, निळा या क्रमाने). पुटकुळीचा आहे 185, 105, 95. नमुना तुम्ही घेतला कपाळाच्या उजळ भागातून, जिथे रंग 220, 172, 150 आहे. क्लोन स्टॅम्प वापरला तर गालावर 220, 172, 150 चा एक उजळ गोल बसेल आणि तो लांबूनही दिसेल. हीलिंग ब्रश कपाळावरून एवढंच उचलतो की हे रंध्र आजूबाजूपेक्षा पाच अंकांनी गडद आहे, तो बिंदू चार अंकांनी उजळ आहे. हे चढउतार तो गालाच्या 200, 150, 125 वर चढवतो.

आता 200, 150, 125 हा आकडा त्याला मिळाला कुठून? पुटकुळीच्या आतून नक्कीच नाही, ती तर काढायची आहे. तो मिळतो ब्रशच्या कडेला लागलेल्या पिक्सेलांवरून. एखाद्या भांड्याच्या तोंडावर कापड ताणून बांधलं की काठ जिथे उंच तिथे कापड उंच आणि काठ जिथे बसका तिथे कापड उतरतं. मधे काय आहे याच्याशी कापडाला देणंघेणं नसतं. ब्रशच्या आतला रंग अगदी तसाच ठरतो. काठ चारही बाजूंनी स्वच्छ कातडीवर असेल तर आतला रंग स्वच्छ येतो. काठाचा एक कोपरा काळ्या पार्श्वभूमीवर गेला की कापड त्या बाजूला खाली ओढलं जातं.

पुटकुळी जाते, पण तिथे गुलाबी सावट उरतं. का?

ब्रश लहान पडला, एवढंच कारण. नवीन माणूस ब्रश डागाएवढाच ठेवतो, कारण कमीत कमी कातडीला हात लावावा असं त्याला वाटतं. हेतू चांगला, पण हीलिंगमध्ये तो उलटतो.

गालावरची पुटकुळी घ्या. तिचा उठाव 30 पिक्सेल रुंद आहे, पण तिच्याभोवती लालसर वर्तुळ आहे आणि ते धरलं तर रुंदी 50 पिक्सेल होते. 36 पिक्सेलचा ब्रश घेतला तर त्याची कड त्या लाल वर्तुळातच पडते. ब्रश इमानदारीने कडेचा रंग आत भरतो, आणि कडेचा रंग लालच आहे. उठाव जातो, लाली राहते. मग लोक त्याच जागेवर पुन्हा पुन्हा घासतात आणि कातडी मेणासारखी होते.

ब्रश 60 पिक्सेलचा घ्या. कड आता लालीच्या पलीकडे, स्वच्छ कातडीवर आहे. एका क्लिकमध्ये काम होतं. लालीची हद्द डोळ्यांना नीट दिसत नसेल तर वर तात्पुरता एक Hue/Saturation लेअर टाकून सॅच्युरेशन भरपूर वाढवा. वर्तुळ कुठे संपतं ते लगेच कळतं. पाहून झालं की तो लेअर बंद करा.

हीलिंग ब्रशची कड मऊ ठेवायची की कडक?

कडक. हार्डनेस 80 ते 100 टक्के.

हे ऐकून बरेच जण बिचकतात, कारण क्लोन स्टॅम्पच्या बाबतीत उलटं शिकवलेलं असतं आणि तिथे ते बरोबरही आहे. पण हीलिंग ब्रश रंग स्वतःच मिसळतो, त्याला मऊ कडेची मदत लागत नाही. मऊ कडेत जुना पोत आणि नवा पोत अर्धा-अर्धा मिसळतो. दोन वेगवेगळ्या रंध्रांची सरासरी काढली की दोन्ही फिकी होतात, आणि डागाच्या जागी एक धूसर कडं उरतं. 100 टक्के झूमवर ते चटकन दिसत नाही. छपाईसाठी फोटो शार्प केला की मात्र उठून येतं.

मऊ ब्रशच वापरायचा असेल तर मोड Replace ठेवा. तो कडेजवळचा ग्रेन आणि पोत टिकवायला बघतो.

ऑप्शन बारमध्ये Diffusion नावाची पट्टी आहे, 1 ते 7. ती ठरवते की आणलेला भाग आजूबाजूशी किती पटकन मिसळावा. बारीक तपशील किंवा ग्रेन असलेल्या फोटोत आकडा कमी ठेवायचा, गुळगुळीत फोटोत जास्त. रंध्रं स्पष्ट दिसणाऱ्या कातडीसाठी मी वरच्या टोकाला सहसा जात नाही.

ब्रश फिरवताना भलताच रंग दिसतो. काही चुकतंय का?

नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत माउसचं बटण दाबलेलं असेपर्यंत हीलिंग ब्रश क्लोनसारखाच कच्चा नमुना दाखवतो. बटण सोडलं की हिशेब होतो आणि रंग बसतो. म्हणूनच लांबलचक पट्टा ओढण्यापेक्षा एक डाग, एक क्लिक ही पद्धत बरी: काय झालं ते लगेच दिसतं आणि आवडलं नाही तर एवढंच मागे घेता येतं.

जबड्याच्या कडेवरचा डाग काढताना काळपट धब्बा येतो. तो कसा टाळायचा?

हीलिंगच्या तक्रारींमध्ये ही सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि कारण ताणलेल्या कापडाचंच आहे. आपल्या फोटोतला हा डाग जबड्याच्या कडेपासून जेमतेम 12 पिक्सेलवर आहे. 40 पिक्सेलचा ब्रश ठेवला की गोलाचा एक भाग पार्श्वभूमीवर जातो. त्या बाजूला कडेचा रंग जवळपास काळा, दुसऱ्या बाजूला कातडीचा. ब्रश दोघांच्या मधला उतार भरतो आणि गालावर धुरासारखा डाग येतो. केसांच्या रेषेवर, ओठांच्या कडेला, नाकपुडीजवळ आणि पापण्यांपाशी हेच होतं.

इथे क्लोन स्टॅम्प लागतो, कारण त्याला कड म्हणजे काय हे माहीतच नाही. तो फक्त नक्कल करतो. मग कड जुळवायची जबाबदारी तुमची:

त्याच जबड्याच्या कडेवर थोडं वर किंवा खाली अशी जागा शोधा जिथे कडेचा कल आणि उजेड साधारण सारखा आहे. Alt-क्लिक आतल्या कातडीवर न करता नेमकं कडेच्या रेषेवर करा, म्हणजे अर्धा ब्रश कातडीवर आणि अर्धा पार्श्वभूमीवर. मग डागाजवळच्या कडेवर ब्रश तसाच बेतून ठेवा. ब्रशच्या गोलात नमुन्याची झलक दिसते, तिच्यातली रेषा खालच्या रेषेवर बसली की क्लिक. हार्डनेस कडेच्या धारेप्रमाणे: जबडा फोकसमध्ये धारदार असेल तर 60-70, थोडा धूसर असेल तर 30 च्या आसपास. ऑपेसिटी 100. कमी ऑपेसिटीवर तीन-चार वेळा फिरवलं की दोन कडा एकमेकींवर चढतात आणि जबडा दुहेरी दिसतो.

दुसरी वाट कमी लोकांना माहीत आहे. लॅसोने किंवा पेन टूलने आधी सिलेक्शन करा. ते डागापेक्षा मोठं असू द्या, पण त्याची एक बाजू जबड्याच्या रेषेवर तंतोतंत बसली पाहिजे. मग त्या सिलेक्शनच्या आत हीलिंग ब्रश फिरवा. सिलेक्शनबाहेरचा काळा रंग आत झिरपत नाही. डाग कडेला टेकलेला नसून नुसता जवळ असेल तेव्हा ही पद्धत क्लोनपेक्षा स्वच्छ निघते. आपल्या फोटोतल्या डागासाठी मी हीच वापरेन. डाग कडेच्या रेषेवरच चढलेला असता तर क्लोन.

मग कातडीच्या मधल्या भागात क्लोन स्टॅम्पचा काही उपयोग आहे का?

आहे, पण मोड बदलून. Normal मोडमध्ये गालाच्या मध्यावर क्लोन करणं म्हणजे आपणहून त्रास ओढवणं. चेहऱ्यावर उजेड सतत बदलत असतो, 50 पिक्सेल सरकलं तरी रंग वेगळा, आणि ठिपका दिसतोच.

Lighten मोडमध्ये क्लोन फक्त नमुन्यापेक्षा गडद पिक्सेल बदलतो. त्यामुळे उजळ कातडीवरचा गडद ठिपका किंवा सुटा केस काढताना आजूबाजूची उजळ कातडी जशीच्या तशी राहते. Darken त्याच्या उलट, म्हणजे एखादा चमकणारा बारीक बिंदू किंवा पावडरचा कण दाबायला. दोन्ही मोडमध्ये ऑपेसिटी 30 ते 50 टक्के आणि कड मऊ.

भुवईतली पुळी याच पद्धतीने जाते. तिथे हीलिंग फसतं, कारण ब्रशच्या कडेवर आळीपाळीने काळे केस आणि कातडी असते आणि आत राखाडी चिखल तयार होतो. पॅचने तर केसच तुटतात. क्लोन घ्या, ब्रश दोन केसांमधल्या जागेएवढा बारीक ठेवा, भुवईखालच्या स्वच्छ कातडीवरून नमुना घ्या आणि केसांच्या मधे मधे टिपत जा. इथे Lighten जपून वापरावा लागतो, तो केसही गडद समजून खाऊन टाकतो. केस पुळीखाली दबले असतील तर शेजारचा एखादा केस त्याच दिशेने क्लोन करून वर ठेवा. हे काम वेळखाऊ आहे, आणि अंतिम फोटो मोबाइलच्या पडद्यावरच पाहिला जाणार असेल तर सोडून दिलं तरी कुणाला कळणार नाही.

पॅच टूल कधी घ्यायचं?

डाग एकटा नसून पुंजका असेल तेव्हा, किंवा त्याचा आकार गोल ब्रशला न जुमानणारा असेल तेव्हा. कपाळावरचा आपला पुंजका साधारण 150 बाय 90 पिक्सेलचा आहे, त्यात आठ-दहा बारीक पुटकुळ्या एकमेकींना लागून आहेत. हीलिंग ब्रशने एकेक घ्यायला गेलं तर प्रत्येक वेळी ब्रशची कड शेजारच्या पुटकुळीवर पडते आणि तिची लाली आत येते. पॅचने सगळ्यांना एकाच आकृतीत घेता येतं.

ऑप्शन बारमध्ये Patch: Normal आणि Source निवडा. Source म्हणजे आधी खराब जागेभोवती रेषा काढायची आणि मग ती आकृती स्वच्छ जागेवर ओढून न्यायची. Destination निवडलं तर उलट, स्वच्छ जागा ओढून डागावर आणायची. मी Source वापरतो, कारण ओढत असताना मूळ जागी काय बसणार आहे ते तिथल्या तिथे दिसतं.

रेषा काढताना एकच गोष्ट सांभाळायची: ती पूर्णपणे स्वच्छ कातडीवरून गेली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती पुटकुळीला चाटून गेली की त्या बिंदूपासून लाली आत पसरते. रेषा थोडी वेडीवाकडी असली तर उलट बरं, सरळ किंवा गुळगुळीत कडा डोळ्याला लवकर सापडतात. घाईत रेषा चुकलीच तर Shift दाबून भाग जोडा, Alt दाबून वजा करा.

नमुना कुठून घ्यायचा हे पॅचमध्ये जास्त महत्त्वाचं ठरतं, कारण तुकडा मोठा आहे. रंग जुळवून घेतला जातो हे खरं, पण जुळवणी होते ती कडेवर. नमुन्याच्या मधोमध एखादी चकाकी असेल किंवा सावलीचा उतार असेल तर तो कडेवर दिसत नाही आणि जसाच्या तसा आत येतो. कपाळाच्या मधल्या चमकत्या भागातून तुकडा घेतला की पुंजक्याच्या जागी छोटा दिवा लागतो. म्हणून नमुना अशा जागेचा घ्या जिथे उजेड सपाट आहे किंवा त्याच दिशेने उतरतो. कपाळावर आडव्या रेषा असतील तर तुकडा उभा न सरकवता आडवा सरकवा, म्हणजे रेषा रेषेला मिळते.

पॅचमधला Content-Aware पर्याय वापरावा का?

2012 मध्ये CS6 बरोबर आलेला हा पर्याय रिकाम्या लेअरवर चालतो, ही त्याची मोठी सोय. तो नमुन्याचे तुकडे स्वतः जुळवून बसवतो. भिंत, गवत, कापड यांवर छान. कातडीवर मात्र कधी कधी रंध्रांची ठेवण मोडतो आणि मधेच शिवण दिसते. कातडीसाठी Normal जास्त भरवशाचा.

नमुना कुठून घेऊ नये?

जवळची जागा हा ढोबळ नियम चांगला आहे, पण त्यामागची कारणं माहीत असावीत. गालाची रंध्रं मोठी, कपाळाची बारीक, नाकावरची खोल, डोळ्याखाली जवळपास नाहीतच. हीलिंग रंग सुधारतं, रंध्रांचा आकार सुधारत नाही. नाकावरचा पोत डोळ्याखाली नेला तर तो भाग म्हातारा दिसतो.

दुसरी गोष्ट उजेडाची दिशा. प्रकाश डावीकडून असला की प्रत्येक रंध्राची डावी कड सावलीत आणि उजवी कड उजेडात येते, कारण रंध्र म्हणजे खड्डा. पण उजेडाच्या बाजूचा गाल आणि सावलीच्या बाजूचा गाल यांतली ही ठेवण सारखी नसते: एकीकडे प्रकाश जवळपास समोरून पडतो म्हणून पोत सपाट, दुसरीकडे घासून जातो म्हणून पोत खरखरीत. एका गालाचा पोत दुसऱ्या गालावर नेला की रंग जुळूनही काहीतरी खटकतं, आणि का खटकतं ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

तिसरं, फोकस. डोळे धारदार आणि कानाजवळचा भाग धूसर असेल तर पुढच्या गालावरचा कुरकुरीत पोत मागे नेऊ नका. धूसर भागातल्या डागाला धूसर भागातलाच नमुना.

लेअर कसे लावायचे?

हीलिंग आणि क्लोन रिकाम्या लेअरवर करा, ऑप्शन बारमध्ये Sample समोर Current & Below निवडून. पॅचला Normal मोडमध्ये रिकामा लेअर चालत नाही, त्याला खरे पिक्सेल लागतात, म्हणून त्यासाठी मूळ फोटोची एक प्रत घ्यावी लागते.

यातूनच कामाचा क्रम ठरतो. आधी प्रतीवर पॅच, त्याच्या वर रिकाम्या लेअरवर हीलिंग, त्याच्याही वर आणखी एका रिकाम्या लेअरवर क्लोन. उलटं केलं, म्हणजे हीलिंग झाल्यावर खालच्या लेअरवर पॅच मारला, तर वरच्या लेअरवरचे ठिपके जुन्या रंगाला जुळवलेले असतात आणि आता त्यांच्या खालचा रंग बदललेला असतो. ते तरंगताना दिसतात.

All Layers निवडू नका, निदान वर रंग किंवा कॉन्ट्रास्ट बदलणारे ॲडजस्टमेंट लेअर असताना. नमुना त्या लेअरमधून बदलून येतो आणि बसल्यावर त्याच लेअरखाली पुन्हा एकदा बदलतो. ठिपका गरजेपेक्षा उजळ किंवा गडद पडतो आणि माणूस ब्रशला दोष देत बसतो. All Layers लागलाच तर शेजारचं ॲडजस्टमेंट लेअर वगळण्याचं बटण दाबून ठेवा.

कांजिण्यांचा वण काढावा का? आणि कशाने?

पुटकुळी आठवड्याभरात जाते, वण आणि तीळ त्या माणसाचे असतात. विचारल्याशिवाय काढू नये. काढायला सांगितलं तरी मी आधी तो हलका करून दाखवतो, आणि बहुतेकांना तेवढंच पुरतं.

वणाला एका बाजूला उजेडाची कड आणि दुसऱ्या बाजूला सावली असते. या दोन्ही कडांच्या बाहेरून जाईल एवढा मोठा ब्रश घेऊन, त्याच्यासाठी वेगळा रिकामा लेअर करून, हीलिंगने पूर्ण काढा. मग त्या लेअरची ऑपेसिटी 50-60 टक्क्यांवर आणा. खड्डा उथळ दिसतो, चेहरा त्याच माणसाचा राहतो. अर्ध्या ऑपेसिटीवर पोत किंचित मऊ होतो, पण एवढ्या छोट्या जागी ते खपून जातं. हेच काम पॅचने केलं तर तो थेट पिक्सेलवर बसतो आणि ऑपेसिटी मागाहून बदलता येत नाही. लगेच Edit मेनूतलं Fade वापरलं तरच, आणि मधे दुसरं काही केलं की तीही संधी जाते.

स्पॉट हीलिंग ब्रश वेगळा का? तोच वापरला तर?

तो नमुना स्वतः शोधतो, Alt-क्लिक लागत नाही. स्वच्छ कातडीवर सुटे सुटे ठिपके असतील तर त्याच्याइतकं वेगवान काही नाही. पण कुठून उचलायचं हे तुमच्या हातात नसतं, आणि केसांजवळ तो कधी कधी केसच उचलून गालावर ठेवतो. सुरुवातीची झाडलोट त्याने करा, उरलेलं हीलिंग ब्रशने.

काम झाल्यावर चूक राहिली आहे हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी शोधायच्या: पुनरावृत्ती, गुळगुळीत चट्टा आणि रंगाचा ठिपका.

पुनरावृत्ती म्हणजे एकाच जागेचा नमुना वारंवार वापरल्याने तेच रंध्रांचं नक्षीकाम दोन-तीन ठिकाणी दिसणं. काम करताना 100 ते 200 टक्के झूमवर ती दिसत नाही, कारण दोन्ही ठिकाणं एकाच वेळी पडद्यावर नसतात. 50 टक्क्यांवर या आणि फोटो आडवा उलटा करून पाहा. डोळा रुळलेला असतो, उलटं केलं की नव्याने बघतो.

गुळगुळीत चट्टे आणि रंगाचे ठिपके यांसाठी सगळ्यात वर एक Black & White लेअर आणि त्यावर एक तीव्र Curves लेअर लावा, मिडटोनमध्ये कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवून. कातडीतला प्रत्येक असमान भाग ढगासारखा उठून येतो. Sample ला Current & Below असेल तर हे लेअर चालू ठेवूनही खाली काम करता येतं, कारण वरच्या लेअरमधून नमुना घेतलाच जात नाही.

मात्र या तपासणीत दिसणारा प्रत्येक ढग हीलिंगने काढायला जाऊ नका. मोठा, मऊ, पोत शाबूत असलेला असमान भाग हा उजेडाचा प्रश्न आहे, त्याला डॉज आणि बर्न, म्हणजे हलक्या हाताने उजळणं आणि गडद करणं लागतं. जिथे पोतच बिघडलेला आहे तिथेच ही तिन्ही हत्यारं.

एकाच जागेवर दोन-तीनदा हीलिंग केलं तर चालेल का?

एकदा ठीक. पण रिकाम्या लेअरवर काम केलं असेल तर त्याहून चांगलं म्हणजे तो ठिपका इरेजरने पुसायचा आणि मोठा ब्रश किंवा वेगळा नमुना घेऊन नव्याने करायचं. थरावर थर चढवत गेलं की कडेच्या मिसळणीत पोत दर वेळी थोडा फिका होत जातो.

गिंपमध्ये हे तिन्ही आहेत का?

क्लोन आहे, हीलिंगही आहे. नमुना Alt ऐवजी Ctrl-क्लिकने घेतात आणि रिकाम्या लेअरवर काम करायचं असेल तर Sample merged चालू करावं लागतं. पॅच टूल वेगळं नाही. पुंजका असेल तर त्याच्या कडेबाहेर जाईल एवढा मोठा हीलिंग ब्रश घेऊन एका फटक्यात करा. कड कुठे पडते हे पाहण्याचा नियम तिथेही तोच.

एका पोर्ट्रेटला किती वेळ द्यावा?

आपल्या उदाहरणातल्या पाच गोष्टींपैकी गालाची पुटकुळी म्हणजे एक क्लिक, कपाळाचा पुंजका दोन-तीन मिनिटं, वणही तेवढाच. जबड्याची कड आणि भुवई यांतच खरा वेळ जातो, आणि तोही फोटो केवढा छापला जाणार यावर अवलंबून. म्हणून ब्रश उचलण्याआधी फोटो कुठे वापरणार आहेत ते विचारून घ्या. लहान आकारात पडद्यावरच जाणार असेल तर भुवईला हात लावू नका.